रेकॉर्डिंगमधली बेचाळीस मिनिटं आणि अवतरणचिन्हातलं एक वाक्य

‘उधारी मी बंद केली.’ हे वाक्य आम्ही अवतरणचिन्हात लिहिलं, खाली मावशींचं नाव टाकलं आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून दिलं. त्यांच्या किराणा दुकानाची ती चारशे शब्दांची ओळख होती. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत छोटे धंदे करणाऱ्यांच्या ओळखी लिहायच्या असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं, त्यातली ही पहिली. तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. पंधरा-वीस वर्षं त्यांच्याकडून महिन्याच्या उधारीवर माल नेणाऱ्या दोन बायका वही घेऊन हिशेब चुकता करायला आल्या होत्या. ‘आमच्यावर भरोसा नाही म्हणता, तर हे घ्या,’ असं बोलून गेल्या. मावशींनी आम्हाला एवढंच विचारलं, ‘असं म्हणलं का मी?’

आम्ही छाती ठोकून सांगितलं की म्हटलं होतं, रेकॉर्डिंग आहे. मग रेकॉर्डिंग लावलं. अठराव्या मिनिटाला मावशी असं बोलल्या होत्या:

‘उधारी बंद केली मी. म्हणजे... बंद नाही. नव्या माणसाले देत नाही. जुने हायेत, त्याईले त द्याच लागते. त्याईच्या भरवशावरच त दुकान उभं झालं.’

आम्ही छापलेला प्रत्येक शब्द त्यात होता आणि तरी त्या जे म्हणाल्या त्याच्या नेमकं उलटं आम्ही छापलं होतं. बोलणारा माणूस स्वतःला दुरुस्त करत बोलतो. पहिलं वाक्य तो चाचपडत टाकतो आणि दुसऱ्यात-तिसऱ्यात खऱ्या गोष्टीवर येतो. आम्ही पहिलं घेऊन पळालो, कारण ते आमच्या डायरीत होतं. मुलाखत चालू असताना घाईत डायरीत लिहिलेल्या नोंदीवरून आम्ही ओळख लिहिली होती. रेकॉर्डिंग फोनमध्ये पडून होतं, ते कोणी ऐकलंच नव्हतं.

ओळख मागे घेतली, मावशींची माफी मागितली, त्या दोन्ही घरी जाऊन आलो. नंतर तेच रेकॉर्डिंग घेऊन ओळख पुन्हा लिहिली. ती दुसऱ्यांदा कशी लिहिली ते इथे सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या वस्तीत, गावात अशा मुलाखती घेतात, म्हणून जरा तपशिलात. मावशींच्या परवानगीनेच हे लिहितो आहोत, नाव मात्र इथे देत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी काय चुकलं ते आधी सांगतो, कारण पुढचे निम्मे घोळ तिथूनच निघाले. फोन आम्ही काउंटरवर ठेवला होता. काउंटरला लागून फ्रीज. फ्रीजची घरघर आपल्या कानाला ऐकू येत नाही, कारण कान तिला बाजूला सारतो. फोन तसं करत नाही, तो सगळं सारखंच टिपतो. त्यात क्यूआर कोडवर पैसे आले की मोठ्याने ओरडणारा तो डबा, मावशींच्या वाक्याच्या मध्येच ‘पंचवीस रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा. दुसऱ्या खेपेला आम्ही फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, मावशींपासून हातभर अंतरावर ठेवला, फ्रीजच्या उलट्या बाजूला. डब्याचा आवाज त्यांनी स्वतःच कमी केला. वेळ दुपारी दोन ते चारची निवडली, तेव्हा गिऱ्हाईक तुरळक असतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकला, नाहीतर मध्येच कॉल आला की काही फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला कळतही नाही.

परवानगी रेकॉर्डिंगमध्येच घ्यावी. सुरुवातीला तारीख बोला, कोण बोलतंय ते बोला, हे कुठे जाणार आहे ते सांगा आणि समोरच्याचं ‘हो’ आवाजात येऊ द्या. ‘ग्रुपवर टाकणार’ आणि ‘वेबसाइटवर टाकणार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेही स्पष्ट सांगा. दुकानात एक अडचण जास्तीची असते, ती म्हणजे गिऱ्हाइकांचे आवाज. कोणी उधारीवर तेलाचं पाकीट नेलं, कोणी नवऱ्याबद्दल काही बोलून गेली. त्यांची परवानगी आपण घेतलेली नसते. ते लिहून काढायचं नाही, ओळखीत वापरायचं नाही आणि ती फाइल कोणाला पुढेही पाठवायची नाही.

आता ऐकण्याचं काम. आमचं पहिलं रेकॉर्डिंग बेचाळीस मिनिटांचं होतं. ते सगळं शब्दन् शब्द लिहून काढायला बसलो असतो तर अख्खा दिवस गेला असता, आणि चारशे शब्दांच्या ओळखीला त्याची गरज नसते. म्हणून आधी एकदा न थांबता, फक्त मिनिटांची नोंद करत ऐकलं. वहीत डाव्या बाजूला मिनिट आणि उजवीकडे विषय: ‘०४ दुकान कसं सुरू झालं, ०९ लग्नाला जाता आलं नाही, १८ उधारी, २७ रोडापलीकडच्या बायका, ३१ पोरींचं शिक्षण, ३६ लोकांच्या दुकानासमोर उभी’. याला पाऊण तास लागला. मग ज्या जागांतून काही घ्यायचं ठरलं तेवढ्याच, म्हणजे एकूण चौदा मिनिटं, अक्षरशः लिहून काढल्या. त्या चौदा मिनिटांना अडीच तास लागले. वेग कमी करून, पाच-सात सेकंद ऐकून, थांबवून, लिहून, परत मागे जाऊन.

अक्षरशः म्हणजे अडखळणं, ‘म्हणजे’, अर्धं सोडलेलं वाक्य, हसणं, सगळं. आपला प्रश्नसुद्धा, जसा विचारला तसाच. कळलं नाही तिथे अंदाज लिहायचा नाही, ‘अस्पष्ट’ असं लिहून मिनिट टाकायचं. हा कागद छापायचा नसतो. ओळख लिहिताना रेकॉर्डिंगच्या जागी तो समोर ठेवायचा असतो. शेवटी मात्र प्रत्येक अवतरण पुन्हा एकदा आवाजाशीच ताडून पाहायचं, कागदाशी नाही. कागदही आपणच लिहिलेला असतो.

मराठीत आकडे ऐकताना फार गफलत होते. मावशींनी भावाकडून पैसे घेऊन दुकान टाकलं. आम्ही लिहिलं होतं ‘साठ हजार’. फ्रीजच्या घरघरीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांत काही फरक उरत नाही. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा विचारलं तर मावशी हसायलाच लागल्या: ‘साठ हजारात तवा घर झालं असतं!’ सात हजार होते. सालाचंही तेच. ‘एकोणनव्वद’ की ‘नव्व्याण्णव’, तीनदा ऐकून ठरेना. अशा वेळी परत ‘साल कोणतं?’ विचारून उपयोग नसतो, तेच उत्तर तशाच आवाजात येतं. आम्ही विचारलं, तेव्हा मोठी मुलगी केवढी होती? म्हणाल्या, पहिलीत घातली होती. मुलगी मुलाखतीच्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, एकतीस वर्षांची. म्हणजे जन्म १९९३चा, आणि १९८९ साली ती जन्मलीच नव्हती. दुकान १९९९चं. साल, वय, रक्कम अशी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या एखाद्या गोष्टीशी जोडून पाहिली की चूक आपोआप उघडी पडते.

पुढचा प्रश्न, कोणतं बोलणं अवतरणात ठेवायचं आणि कोणतं आपल्या शब्दांत सांगायचं. माहिती आपल्या शब्दांत सांगावी. दुकान सकाळी सहाला उघडतं, माल इतवारीतून येतो, आठवड्यातून दोनदा ऑटोने आणतात, हे सगळं मावशींनीच सांगितलं, पण ते त्यांच्या तोंडून वदवून घेण्यात काही मिळत नाही. ज्या वाक्यात त्या माणसाचं मत, निवाडा किंवा बघण्याची तऱ्हा आहे आणि जे आपण बदललं तर वाईट होईल, ते अवतरणात. चारशे शब्दांच्या ओळखीला अशी चार-पाच वाक्यं पुरे होतात.

इथे मराठीची एक खोड लक्षात ठेवली पाहिजे. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही ‘मी’ तसाच ठेवतो. ‘त्या म्हणाल्या की मी कोणाला नाही म्हणत नाही.’ हे त्यांचेच शब्द आहेत की आपण सांगितलेला सारांश? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे मराठीत अवतरणचिन्ह हाच एक कुंपणाचा तार आहे. चिन्हाच्या आत असेल ते अगदी त्यांचं. बाहेर असेल तर ‘मी’ टाळून ‘त्या’ लिहा: ‘त्या कोणाला नाही म्हणत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.’ वाक्य थोडं कोरडं होतं, पण फसवत नाही.

अवतरणाच्या आत काय चालतं? मधला भाग गाळला तर तिथे तीन टिंबं द्यायची, आणि गाळल्याने अर्थ फिरत नसेल तरच. वाक्यात काही अध्याहृत असेल तर आपला शब्द कंसात घालायचा: ‘त्याईले त (उधारी) द्याच लागते’. याच्या पलीकडे काही नाही. दोन वेगळ्या जागची वाक्यं एका अवतरणात जोडायची नाहीत, हे तर अजिबात नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात एक फार सुंदर वाक्य होतं: ‘दुकान सोडून कुठं जाता आलं नाही, पण पोरी शिकल्या.’ वाचणाऱ्यांनी त्यावर हात जोडलेले इमोजी टाकले होते. पहिला अर्धा भाग नवव्या मिनिटाचा. तिथे मावशी मागच्या महिन्यातल्या एका नातलगाच्या लग्नाबद्दल बोलत होत्या, जरा चिडून, कारण लहानी मुलगी दुकानावर बसायला तयार झाली नव्हती. दुसरा भाग एकतिसाव्या मिनिटाचा, मुलींच्या शिक्षणाबद्दलचा. दोन्ही खरं होतं, पण मधला ‘पण’ आमचा होता. त्या दोन अक्षरांनी आम्ही एका चिडक्या दुपारचं त्यागमूर्तीत रूपांतर केलं. मावशींना त्यागमूर्ती व्हायचं होतं असं त्या कुठेही बोलल्या नव्हत्या.

असंच एक वाक्य ‘हाव’मधून तयार झालं होतं. आम्ही विचारलं, ‘म्हणजे या दुकानामुळे तुम्हाला स्वाभिमान मिळाला, नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘हाव.’ आणि आम्ही लिहिलं: ‘या दुकानाने मला स्वाभिमान दिला.’ चळवळीत वाढलेल्या माणसाच्या तोंडी स्वाभिमान हा शब्द सतत असतो, त्यामुळे तो समोरच्याच्या तोंडातही घालताना हात थरथरत नाही. समोरचा माणूस भिडस्त असेल, आपण शिकलेले वाटत असू, तर तो हो म्हणतोच. ‘हो’ या उत्तरातून फक्त ‘हो’ एवढंच अवतरण निघतं. आणि गंमत अशी की त्याच रेकॉर्डिंगमध्ये छत्तिसाव्या मिनिटाला, कोणी काही विचारलेलं नसताना, एका गिऱ्हाइकाला साबण देऊन परत बसता बसता मावशी म्हणाल्या होत्या:

‘पहिले मी लोकाईच्या दुकानासमोर उभी राहाची. आता लोक माह्या दुकानासमोर उभे रायतात.’

डायरीत याची नोंदच नव्हती, कारण तेव्हा आम्ही पुढचा प्रश्न शोधत होतो. हे वाक्य आम्हाला दुसऱ्यांदा ऐकताना सापडलं.

आता बोलीचं. मावशी वऱ्हाडी बोलतात. पहिल्या मसुद्यात आम्ही त्यांना पुस्तकी मराठीत बोलायला लावलं होतं: ‘जुन्या ग्राहकांना तर द्यावीच लागते.’ त्या ‘ग्राहक’ म्हणाल्याच नव्हत्या. हे शुद्ध करणं अनेकांना आदराचं वाटतं. आम्हाला ते खोटं वाटतं. त्याच्या उलटही एक चूक होते. त्यांचा प्रत्येक उच्चार चमत्कारिक अक्षरांत लिहायचा, आपला प्रश्न मात्र स्वच्छ प्रमाण मराठीत. रेकॉर्डिंग ऐकलं तर आम्हीही ‘काहून’, ‘नाही त’ म्हणत होतो. तेव्हा आम्ही असं ठरवलं की शब्द, प्रत्यय आणि वाक्याची ठेवण जशीच्या तशी राहील: मले, त्याईले, देल्लं, पहिले. नुसत्या घाईने खाल्लेल्या अक्षरांचं प्रदर्शन मांडायचं नाही. आणि एखादा शब्द कोकणातल्या वाचकाला कळणार नाही असं वाटलं तर त्याचा अर्थ बाहेरच्या वाक्यात आणायचा, अवतरणात हात घालायचा नाही.

आता सत्ताविसावं मिनिट. या जागेवर आमची दोघींचीही बरीच भांडणं झाली. कागदावर ते असं आहे:

आम्ही: गिऱ्हाईक सगळं याच गल्लीतलं?

मावशी: नाही. रोडाच्या तिकडच्या बाया बी येतात न. साबण नेतात, बिस्किटाचे पुडे नेतात. पॅकिंगचं सगळं नेतात.

आम्ही: आणि सुट्टं?

मावशी: सुट्टं नाही नेत. साखर, डाळ... नाही नेत. (हसतात.) चाललंच आहे.

पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं: ‘जातीमुळे रोडापलीकडच्या बायका माझ्याकडून सुट्टी साखर-डाळ घेत नाहीत.’ हे वाचून तुम्हाला चुकलंय असं वाटणार नाही. आम्हालाही वाटलं नव्हतं. पुड्यात बंद असलेली वस्तू कंपनीची असते. सुट्टी वस्तू दुकानदाराच्या हाताची असते, तिला बरणीतून काढताना, काट्यावर घालताना, पुडी बांधताना हात लागतो. कोणाच्या हाताचं चालत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ‘जातीमुळे’ हा शब्द मावशी उच्चारल्या नव्हत्या. त्या हसल्या होत्या आणि गप्प झाल्या होत्या. तो शब्द आमच्या समाजशास्त्राच्या अभ्यासातून, आमच्या स्वतःच्या अनुभवातून आला होता आणि आम्ही तो त्यांच्या सहीने खपवला होता.

दुसऱ्या भेटीत, रेकॉर्डिंग चालू ठेवून, आम्ही सरळ विचारलं, का नेत नाहीत? मावशी म्हणाल्या, ‘कारण तुमाले माईत आहे, मले बी माईत आहे. पण त्या बाया रोज येतात माह्याकडं. माह्या तोंडून लिवू नका.’

आमच्यापैकी एकीचं म्हणणं होतं की जात लपवली तर ओळखीला अर्थच काय राहिला. मग आपल्या शब्दांत लिहू, मावशींच्या नाही. दुसरीचं म्हणणं की मावशींच्या ओळखीत, मावशींच्या फोटोखाली आपण काहीही आपल्या शब्दांत लिहिलं तरी रोडापलीकडे ते मावशीच बोलल्या असंच वाचलं जाणार, आणि दुकानाच्या काउंटरवर आपण नाही, त्या बसतात. एमएच्या प्रबंधासाठी मुलाखती घेताना आम्ही नावं बदलायचो, वस्तीचं नाव बदलायचो, म्हणून वाटेल ते लिहू शकत होतो. ओळखीत तसं करता येत नाही. ओळख लिहायची तर नाव, चेहरा, दुकान सगळं उघडं, आणि वाचणारे पहिले दोनशे लोक त्याच गल्लीतले.

शेवटी असं केलं. मावशींचे शब्द ‘पॅकिंगचं सगळं नेतात’ आणि ‘सुट्टं नाही नेत’ एवढेच ठेवले. ते त्या म्हणाल्याच होत्या आणि छापायला त्यांची हरकत नव्हती. कारणाबद्दल एक अक्षर नाही. हा विषय आम्ही वेगळा ठेवला आहे. वेगवेगळ्या वस्त्यांतले आपले दहा-बारा दुकानदार, नाव न देता, फक्त सुट्ट्या आणि बंद मालाबद्दल. तिथे जात हा शब्द आमच्या नावाने, आमच्या जबाबदारीवर येईल. ओळखीपुरता हा मार्ग बरोबर होता का, यावर आमच्यात अजूनही एकमत झालेलं नाही.

मसुदा झाल्यावर आम्ही दुकानात जाऊन तो वाचून दाखवला. पाठवला नाही, वाचला. दुकानदाराला दिवसभरात फोनवर चारशे शब्द वाचायला सवड नसते, ‘छान आहे’ असं उत्तर येतं आणि नंतर घोळ होतात. मोठ्याने वाचताना माणूस मध्येच थांबवतो. आम्ही आधी प्रत्येक अवतरण, मग प्रत्येक आकडा वाचला. आमचा करार असा होता की त्यांना जे नको असेल ते निघेल, कारण त्या कोणी पुढारी नाहीत आणि त्यांना रोज इथेच राहायचं आहे. पण बोललेलं वाक्य बदलून दुसरं हवं असेल तर ते पुन्हा बोलून रेकॉर्ड करायचं, आम्ही आमच्या मनाने सुधारणार नाही. असं एकदा झालंही. ‘दुकान उभं झालं’ ऐवजी त्यांना ‘दुकान चाललं’ हवं होतं. म्हणाल्या, उभं तर भावाच्या पैशानं झालं. बरोबर होतं. फोन चालू केला, त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, आम्ही तारीख टाकून ठेवलं.

शेवटी ग्रुपवर गेलेली ओळख अशी, अर्थात नाव आणि गल्ली वगळून:

‘सकाळी सहाला शटर वर जातं तेव्हा दुधाच्या पिशव्यांसाठी चार-पाच मुलं आधीच उभी असतात. दुकान दहा बाय आठचं. गल्ल्याच्या वर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली उधारीची वही. १९९९ मध्ये भावाने दिलेल्या सात हजार रुपयांत मावशींनी हे दुकान टाकलं. मोठी मुलगी तेव्हा पहिलीत होती.

माल इतवारीतून येतो, आठवड्यातून दोनदा, ऑटोने. डाळ-साखरेच्या बरण्या मावशींच्या उजव्या हाताला, साबण-बिस्किटांचे पुडे समोर. गल्लीतले लोक दोन्ही नेतात. रोडापलीकडच्या बायकांबद्दल मावशी सांगतात, “पॅकिंगचं सगळं नेतात.” आणि सुट्टं? “सुट्टं नाही नेत.”

उधारीचा नियम त्यांनी स्वतः केला आहे. “नव्या माणसाले देत नाही. जुने हायेत, त्याईले त (उधारी) द्याच लागते. त्याईच्या भरवशावरच त दुकान चाललं.” वहीत काही नावं पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आहेत. कोणाचं किती बाकी आहे ते मावशींना न बघता आठवतं.

मागच्या महिन्यात एका नातलगाच्या लग्नाला त्यांना जाता आलं नाही, दुकानावर बसायला कोणी नव्हतं. त्याचा राग त्यांच्या बोलण्यात अजून आहे. दोन्ही मुली शिकल्या, मोठी नोकरीला लागली. दुकान पुढे कोण चालवणार हे ठरलेलं नाही.

“पहिले मी लोकाईच्या दुकानासमोर उभी राहाची,” दुपारी गिऱ्हाइकाला साबण देऊन परत बसताना त्या म्हणाल्या. “आता लोक माह्या दुकानासमोर उभे रायतात.”’

यावेळी इमोजी कमी आले. हिशेब चुकता करून गेलेल्या दोघींपैकी एकीची वही पुढच्या महिन्यात परत सुरू झाली, दुसरीची नाही. रेकॉर्डिंगच्या दोन्ही फाइल आणि ती तिसरी, एका वाक्याची, आमच्याकडे तारखेने नाव देऊन ठेवलेल्या आहेत. मावशींनी सांगितलं की काढून टाकायच्या, तर काढून टाकू.